खोडलेले दिसावे म्हणून

मोडी कागद वाचायला शिकत होतो तेव्हा आमच्या गुरुजींनी पहिली सवय लावली ती वाचनाची नव्हतीच. रुमाल सोडला, कागद हातात आला, की आधी तो खिडकीच्या उजेडाशी धरायचा आणि मगच मेजावर ठेवायचा. असे का, ते त्यांनी पहिल्या दिवशी सांगितले नाही. पुढे एका इनामाच्या कागदावर बिघ्यांच्या आकड्यापाशी उजेड जरा जास्तच आरपार आला, तेव्हा ते आपोआप कळले. त्या जागी कोणीतरी चाकूच्या टोकाने जुना आकडा खरवडला होता आणि त्यावर नवा लिहिला होता. कागद तेवढाच पातळ झालेला, घोटाईची चकाकी गेलेली, आणि नव्या आकड्याची शाई कडांनी फुटलेली. शेजारच्या ओळीतली शाई मात्र रेखीव. दोनशे वर्षांपूर्वीची लबाडी कागदाने पोटात न ठेवता सांगून टाकली होती.

त्या दिवसापासून मला कागदाच्या या चहाडखोर स्वभावाचे कुतूहल आहे. कागदाचा इतिहास सांगताना आपण बहुधा ग्रंथ, धर्म आणि छापखाना यांच्याविषयी बोलतो. पण चीनमधून मध्य आशिया, बगदाद, सिसिली, इटली असा त्याचा प्रवास पाहताना माझे लक्ष ग्रंथांपेक्षा कचेऱ्यांकडे जाते. मुक्कामोमुक्कामी कारकुनांसमोर एकच प्रश्न उभा राहिला: या वस्तूवर भरवसा ठेवायचा की नाही? उत्तरे मात्र उलटसुलट मिळाली. बगदादच्या दरबाराने कागद घेतला तो फसवणूक टळावी म्हणून, आणि साडेचारशे वर्षांनी सिसिलीच्या राजाने दस्तऐवजांसाठी त्याला मनाई केली ती तो भरवशाचा नाही म्हणून. दोघांचेही चुकले नव्हते. हे कसे, ते सांगण्यासाठी हा लेख.

या प्रवासाच्या खुणा आपल्या बोलण्यातही आहेत. ‘कागद’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत तो बहुधा सोग्दी भाषेतून, म्हणजे समरकंदच्या परिसरातल्या व्यापाऱ्यांच्या भाषेतून. ‘दस्ता’ म्हणजे फारसीत मूठभर, हातात मावेल एवढा जुडगा. ‘रीम’ इंग्रजीतून आला असला तरी त्याचे मूळ अरबी ‘रिज्मा’, म्हणजे गठ्ठा. स्पेन, इटली, फ्रान्स करत तो इंग्लंडात गेला आणि तिथून बाजाराच्या वाटेने आपल्याकडे आला. सर्वांत गमतीचा शब्द ‘दफ्तर’. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘दिफ्थेरा’ आहे आणि त्याचा अर्थ कमावलेले कातडे. आपण कागदांच्या गठ्ठ्याला दफ्तर म्हणतो तेव्हा कागदाआधीच्या काळाचेच नाव घेत असतो.

चीनमधला आरंभ थोडक्यात सांगतो. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, तागासारखे तंतू, चिंध्या आणि जुनी मासेमारीची जाळी यांपासून केलेला कागद सम्राटापुढे ठेवला, अशी नोंद आहे. मात्र त्याच्या आधीचे, ख्रिस्तपूर्व काळातले कागदाचे तुकडे वायव्य चीनमध्ये सापडले आहेत, तेव्हा त्याने कागद शोधला नाही, सुधारला आणि दरबारात त्याला मान मिळवून दिला, असे म्हणणे बरे. बांबूच्या पट्ट्या जड होत्या आणि रेशीम महाग होते. कागद दोन्हींच्या मधला निघाला.

पश्चिमेकडचा प्रवास मला खरा सुरू झालेला दिसतो तो एका टपालाच्या पिशवीत. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांना दुनहुआंगच्या पश्चिमेला, चिनी सरहद्दीवरच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी भाषेतली पत्रे सापडली. पाच जवळजवळ अखंड, सगळी कागदावरची, आणि चौथ्या शतकाच्या आरंभीची. एक पत्र समरकंदला जायचे होते; त्यात चीनमधल्या लुटालुटीची आणि बुडालेल्या व्यापाराची बातमी होती. आणखी दोन मिवनाय नावाच्या बाईची. नवरा तिला आणि मुलीला दुनहुआंगला टाकून गेला होता. एक पत्र तिने आईला लिहिले, दुसरे नवऱ्याला, आणि नवऱ्याच्या पत्रात तिने काहीही राखून ठेवलेले नाही. पत्रे पोहोचली नाहीत. पण समरकंदच्या व्यापाऱ्याच्या हाती चिनी कागद चौथ्या शतकात होता, एवढे त्यांनी निश्चित केले.

हे आधी सांगण्याचे कारण तलासची लढाई. इ.स. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अरब फौजेने चिनी फौजेचा पराभव केला, पकडलेल्या चिनी कैद्यांत कागद करणारे होते आणि त्यांनी समरकंदला ही कला शिकवली, ही कथा शाळेच्या पुस्तकापासून ज्ञानकोशापर्यंत सगळीकडे भेटते. तिचा आधार म्हणजे सआलिबी या लेखकाचा उल्लेख, आणि तो लढाईनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. उलट त्याच लढाईत कैद झालेला दू हुआन नावाचा एक चिनी गृहस्थ अरब मुलखात दहाएक वर्षे राहून समुद्रमार्गे मायदेशी परतला. त्याच्या लेखनाचे उतारे उरले आहेत. अरबांच्या शहरात आपले विणकर, सोनार, चितारी काम करताना दिसले, असे तो सांगतो. कागद करणाऱ्यांचे नाव काढत नाही.

दुसरी साक्ष अधिक भक्कम आहे. आजच्या ताजिकिस्तानात मुग नावाच्या डोंगरावर १९३०च्या दशकात एका छोट्या राजाचे दफ्तर सापडले. पंजिकेंतचा हा शासक, देवाश्तिच, अरबांपासून पळून त्या गढीत शिरला आणि ७२२ साली मारला गेला. त्याच्या दफ्तरात चामड्यावरचे लेख आहेत, सोललेल्या काठ्यांवरचे आहेत आणि कागदावरचेही आहेत. काही तर चिनी मजकूर असलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले. म्हणजे तलासच्या तीस वर्षे आधी त्या मुलखात कागद वापरात होता. तो दुर्मीळही होता, कारण पाठकोरे कागद जपून ठेवण्याची वेळ ज्याच्यावर येते त्याच्याकडे कागदाचा सुकाळ नसतो. कला हळूहळू, व्यापारी आणि बौद्ध भिक्षू यांच्या पाठोपाठ, मुक्काम करत आली असावी, असेच या पुराव्यावरून वाटते. एका लढाईच्या नावावर ती चढवणे सोयीचे आहे इतकेच.

आता बगदादकडे. पण तिथे जाण्यापूर्वी थोडे मागे, दमास्कसला थांबावे लागेल, कारण अरब कचेरीला कागदाची गरज का भासली ते तिथल्या एका लबाडीवरून नीट कळते.

खलिफा मुआविया (राज्यकाल ६६१ ते ६८०) याने अम्र इब्न अल-जुबैर या माणसाला इराकच्या सुभेदारावर एक लाख दिरहमची वरात दिली, अशी जुन्या अरब इतिहासकारांची हकीकत आहे. अम्रने वाटेत पत्र उघडले. अरबीत शंभराला ‘मिआ’ आणि दोनशेला ‘मिअतैन’ म्हणतात. शब्दाच्या शेवटी थोडी भर घातली की शंभर हजारांचे दोनशे हजार होतात. सुभेदाराने दोन लाख दिले. पुढे हिशेब आला तेव्हा खलिफा म्हणाला, मी तर एकच लाख लिहिले होते. त्यानंतर त्याने ‘दिवाण-अल-खातम’ म्हणजे मोहरेची कचेरी काढली. हुकूम निघाला की त्याची नक्कल कचेरीत ठेवायची, मूळ पत्र बांधायचे, त्यावर मोहर करायची आणि मगच ते रवाना करायचे.

इथे दोन उपाय आहेत आणि ते वेगळे आहेत. मोहर वाटेतली लबाडी रोखते. नक्कल मात्र वर्षांनंतरच्या वादासाठी असते: तुमच्या हातातल्या पत्रात काय आहे ते आमच्या दफ्तराशी ताडून पाहू, असे सांगता येते. मोहरेला थोडी माती किंवा मेण पुरते. नकलेला मात्र प्रत्येक हुकमामागे लिहायची दुप्पट जागा लागते. सिंधपासून मगरिबपर्यंत पसरलेल्या राज्यात ही जागा कुठून आणायची? पपायरस येई तो इजिप्तमधून, नाईलच्या दलदलीत वाढणाऱ्या लव्हाळ्यापासून. चर्मपत्रासाठी मेंढरे मारावी लागत आणि एका कातड्याची थोडीच पाने निघत. शिवाय, आणि मुद्दा हा आहे, दोन्हींवरचे लिखाण पुसता येई.

त्या काळची काळी शाई म्हणजे काजळी आणि डिंक. ती कातड्याच्या अंगावर बसते, फारशी आत जात नाही. चाकूने हलके खरवडले, झाव्याने घासले, की चर्मपत्र पुन्हा लिहिण्याजोगे होते. युरोपात अख्खे ग्रंथ असे खरवडून त्यांवर दुसरे लिहिलेले आढळतात. पपायरसवरची शाई ओल्या बोळ्याने निघे. कागदाची घडणच निराळी. तो सलग पापुद्रा नसून बारीक तंतूंची अडकलेली गादी असते. शाई तंतूंत शिरते. ती काढायची तर तंतूच उपटावे लागतात, आणि मग आमच्या इनामाच्या कागदात झाले तेच होते: जागा पातळ होते, लव उठते, नवी शाई फुटते.

नेमके हेच कारण कल्कशंदी या इजिप्तच्या दरबारी लेखकाने पुढे नोंदवले आहे. कचेरीच्या लेखनकलेवर त्याने प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की हारून अल-रशीद (राज्यकाल ७८६ ते ८०९) याने कागदावरच लिहिण्याचा हुकूम काढला, कारण चर्मपत्रावरचे खोडून बदलता येते आणि कागदावर खोडले तर कागद बिघडतो, खरवडले तर दिसते. कल्कशंदी हारूननंतर सहाशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा शब्दशः हुकूम असाच होता की नाही यावर मी पैज लावणार नाही. पण हे कारण कचेरीत मुरलेल्या माणसाला पटण्यासारखे वाटले, हेही महत्त्वाचे आहे.

या बदलामागे एक घराणे आहे आणि त्याची आपल्याशी दूरची ओळख निघते. बर्मकी घराणे बल्खचे. त्यांचे पूर्वज तिथल्या ‘नवबहार’ या बौद्ध मठाचे प्रमुख होते. नवबहार म्हणजे नवविहार, आणि ‘बर्मक’ हा ‘प्रमुख’ या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश मानतात. त्यांच्यातल्या खालिदने पहिल्या अब्बासी खलिफाच्या वेळी सुटी पाने टाकून बांधीव वह्या, म्हणजे दफ्तरे, कचेरीत आणली, अशी नोंद आहे. सुटे पान काढून घेता येते, मधेच घुसवता येते. बांधीव वहीत ते अवघड. खालिदच्या वह्या चर्मपत्राच्या होत्या. त्याचा नातू फज्ल याने बगदादमध्ये कागद करण्यास चालना दिली, असे इब्न खल्दून सांगतो, आणि तिथल्या पहिल्या कारखान्याचे साल ७९४-९५ दिले जाते. आजोबाने वही दिली, नातवाने तिच्यात कागद घातला. मध्य आशियात वाढलेल्या या घराण्याला कागद माहीत असणे स्वाभाविक होते.

हा कागद होत कसा असे? अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेचा अमीर इब्न बादीस याच्या नावावर असलेल्या लेखनकलेच्या ग्रंथात कृती दिली आहे. भांगेच्या झाडाचे चांगले पांढरे तंतू घ्यायचे, काड्या काढून विंचरायचे. कळीच्या चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी हाताने मळून उन्हात वाळवायचे, आणि पुन्हा चुन्यात. असे तीन, पाच किंवा सात दिवस, चुन्याचे पाणी बदलत. तंतू पांढरे झाले की कात्रीने बारीक कातरायचे आणि सात दिवस गोड्या पाण्यात ठेवायचे, पाणी रोज बदलून, म्हणजे चुना निघून जातो. मग ओले असतानाच उखळात कुटायचे. लगदा पाण्यात पातळ करून साच्यावर घ्यायचा, पान उलटे करून सपाट भिंतीला चिकटवायचे. वाळले की ते आपसूक सुटते. शेवटी पिठाची आणि नशास्त्याची खळ दोन्ही बाजूंना देऊन घोटायचे.

आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद करताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. ही वस्ती चौदाव्या शतकात मुहंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली त्या वेळची मानतात. म्हणजे कागदाची एक शाखा इराण-दिल्लीच्या वाटेने आपल्या दारी आली.

चीनमध्ये मुख्यतः झाडाच्या सालीचा कागद होई. मध्य आशियात आणि पुढे तशी झाडे नव्हती म्हणून चिंध्या आणि जुने दोर आले. हा बदल आपल्याला वाटतो तितका आधीपासून ज्ञात नव्हता. युरोपातले विद्वान पिढ्यान्‌पिढ्या अरब कागदाला ‘कापसाचा कागद’ म्हणत. १८८७ साली व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विस्नर यांनी इजिप्तच्या फय्यूम भागात सापडलेले जुने कागद सूक्ष्मदर्शकाखाली घातले. कच्चा कापूस नव्हता. मुख्यतः जवसाच्या जातीच्या कापडाच्या चिंध्या होत्या, आणि खळ नशास्त्याची होती. ती आख्यायिका तिथे संपली.

त्या खळीकडे मात्र लक्ष ठेवा. कागदाच्या पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तिच्यात आहे. खळ कमी पडली की शाई फुटते, जास्त देऊन फार घोटले की शाई तंतूंत न शिरता वरच राहते. सुलेखनकार मुद्दाम अंड्याचा पांढरा बलक आणि खळ यांची पुटे चढवत, म्हणजे चुकलेले अक्षर ओल्या बोळ्याने उचलता येई. तेव्हा कागदावर खोडता येत नाही हे कल्कशंदीचे म्हणणे सर्वच कागदांना लागू नव्हते. ते कचेरीच्या साध्या कागदाला लागू होते. आणि दुसरे असे की नशास्त्याची खळ म्हणजे अखेर पीठच. कोरड्या इराकात, कैरोत ती शतकानुशतके टिकते. दमट हवेत तिला बुरशी धरते, कसर लागते, कागद भुसभुशीत होतो.

कैरोच्या कोरड्या हवेमुळेच एक अजब ठेवा आपल्याला मिळाला. तिथल्या एका सिनेगॉगच्या कोठडीत ज्यू मंडळींचे टाकाऊ लिखाण साठवले जाई, देवाचे नाव असण्याची शक्यता म्हणून ते नष्ट करत नसत. त्या लाखो तुकड्यांत हिंदुस्थानच्या व्यापाराचे कागदही आहेत. बाराव्या शतकात मंगळूरला राहणारा बेन यीजू नावाचा व्यापारी एडनच्या आपल्या अडत्यांशी पत्रव्यवहार करी, आणि एडनहून त्याला मिरी-लोखंडाच्या मालाच्या बदल्यात इतर वस्तूंबरोबर कागदही भेट म्हणून येई. कोकणाच्या खालच्या किनाऱ्यावर तेव्हा ताडपत्र होते. हिशेबी माणसाला मात्र कागदावाचून चालेना.

आता समुद्र ओलांडू. सिसिली बेट अरबांकडून नॉर्मन सरदारांनी घेतले, पण कारकून जुनेच ठेवले. म्हणून युरोपातला सर्वांत जुन्या कागदी दस्तऐवजांपैकी एक तिथला आहे: ११०९ सालचा, विधवा काउंटेस अदेलासिया हिचा ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांतला हुकूम, आज पालेर्मोच्या दफ्तरखान्यात. पुढे तिचा मुलगा राजा दुसरा रॉजर याने ११४५च्या सुमारास जुन्या सनदा तपासायला मागवल्या आणि कागदावरच्या काही सनदा चर्मपत्रावर पुन्हा लिहून दिल्या. चाळीस-पन्नास वर्षांत कागदाची दशा झाली होती.

रॉजरचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक. त्याने १२३१ साली मेल्फी येथे राज्याचा कायदा जाहीर केला. त्यात कलम असे की सार्वजनिक दस्तऐवज आणि करारनामे चर्मपत्रावरच लिहावेत. कागदावरचे न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाहीत. कारण, हे लेख पुढच्या काळाला साक्ष द्यायचे असतात आणि जुनेपणाने ते नष्ट होता कामा नयेत. ख्रिस्ती राजाने मुसलमानी वस्तू नाकारली, असा अर्थ काहींनी या कलमाचा लावला आहे. मला तो पटत नाही. फ्रेडरिक स्वतः अरबी विद्येचा चाहता होता. त्याच्या आजोबाच्या दफ्तरातच कागद कुजत होता. हारूनच्या कचेरीला भीती होती ती माणसाच्या हाताची, फ्रेडरिकला काळाची. पहिल्या भीतीवर कागद हा उपाय होता, दुसरीवर नव्हता.

आणि गंमत अशी की हाच फ्रेडरिक स्वतःच्या कचेरीची रोजची नोंदवही कागदावर ठेवत होता. ऑक्टोबर १२३९ ते १२४०चा वसंत एवढ्या काळाचा तिचा भाग पुढे नेपल्सच्या दफ्तरखान्यात होता. त्यात राजाने धाडलेल्या आज्ञांच्या नकला आहेत, सुमारे हजार: धान्य, गढ्यांचे किल्लेदार, जहाजे, आणि शिकारी ससाण्यांची काळजी. सनद शतकांसाठी, म्हणून ती कातड्यावर. ‘अमक्याला काल काय कळवले’ हे पुढच्या चार-पाच वर्षांसाठी, म्हणून ते कागदावर. मुआवियाची नक्कल इटलीत पोहोचली होती.

हीच वाटणी जेनोआच्या बंदरात आणखी स्पष्ट दिसते. जोव्हान्नी स्क्रीबा नावाच्या नोटरीची ११५४ ते ११६४ या वर्षांची कागदी वही उरली आहे. अशा वह्यांत ती सर्वांत जुनी. व्यवहार असा चाले. दोन व्यापारी साक्षीदारांसह नोटरीपुढे येत: एकाने भांडवल द्यायचे, दुसऱ्याने ते अलेक्झांड्रियाला नेऊन माल आणायचा, नफ्याचे वाटे ठरलेले. नोटरी वहीत त्याचा गोषवारा लिही: नावे, रक्कम, अट, साक्षीदार, दिवस, जागा. कोणाला पूर्ण दस्त हवा असेल तर या गोषवाऱ्यावरून चर्मपत्रावर विस्ताराने लिहून दिला जाई आणि वहीतल्या नोंदीवर आडव्या-तिरप्या रेघा मारल्या जात. पैसे फिटले तरी रेघ मारत. या रेघा खाडाखोड नव्हेत. खालचे सगळे वाचता येते, आणि तेच अपेक्षित होते. पुसून टाकणे आणि रद्द करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कागदी वहीवर डोळ्यांना दिसू लागले.

पुढे वहीतली नोंदच पुरावा मानली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी चर्मपत्राचा खर्च वाचवायला सुरुवात केली. दस्त आपल्या पेटीत ठेवण्यापेक्षा नोटरीच्या वहीत असला की पुरे. मग नोटरी मेल्यावर वह्या कोणाकडे जाणार, हा प्रश्न शहराचा झाला. दफ्तर सांभाळण्याची जबाबदारी अशी खासगी पेटीतून सार्वजनिक कोठडीकडे गेली.

कागद कुजण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सोडवला मध्य इटलीतल्या फाब्रियानो या गावाने, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथे पाणचक्कीच्या दांड्यावर बसवलेले, खिळे मारलेले लाकडी घण चिंध्या कुटू लागले. लगदा हातउखळापेक्षा बारीक आणि एकसारखा झाला. साच्यात काड्यांऐवजी धातूच्या तारा आल्या. आणि पिठाच्या खळीऐवजी सरस आला, म्हणजे चांभार-कातडीकामाकडचे उरलेले तुकडे, खूर, यांना उकळून काढलेला. सरसात बुडवलेला कागद कडक होतो, वाजतो, बुरशीला दाद देत नाही, आणि युरोपच्या पिसाच्या टोकदार लेखणीने ओरखडत नाही. चर्मपत्र नको म्हणून कागद घेतला, आणि कागद टिकावा म्हणून त्याला अखेर कातड्याचाच अर्क पाजला!

तारांच्या साच्यामुळे एक नवी खूण शक्य झाली. साच्यावर वाकवलेली तार शिवली की तिच्या आकाराची जागा पातळ राहते आणि उजेडाशी धरल्यावर दिसते. हे जलचिन्ह. सर्वांत जुनी १२८२ सालची मानतात. कोणत्या कारखान्याचा माल, हे सांगण्याची ती खूण. पण तीच आज बनावट कागद पकडायला उपयोगी पडते. चौदाव्या शतकातला म्हणून दाखवलेल्या दस्ताच्या पोटात शंभर वर्षांनंतरचे चिन्ह निघाले, तर पुढे वाचायचे कारण उरत नाही.

हा कागद उलट्या दिशेने निघाला. कल्कशंदी कागदाची प्रतवारी लावताना बगदादी पहिला ठेवतो आणि फिरंग्यांचा सर्वांत शेवटी, पण तोवर उत्तर आफ्रिकेच्या बाजारात फिरंगी कागदच भरला होता. १४०९ साली त्लेमसेनच्या इब्न मर्जूक या धर्मशास्त्र्यापुढे प्रश्न आला: जलचिन्हात क्रूस असलेल्या कागदावर कुराण लिहावे काय? त्याने परवानगी दिली.

स्वस्त आणि टिकाऊ कागदाने काय केले ते प्रातोच्या फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याच्या घरी दिसते. १४१० साली तो वारला. त्याने आपले कागद जपायला सांगितले होते. ते १८७०मध्ये त्याच्याच घरात जिन्याखालच्या बंद जागेत सापडले. सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या. हा राजा नव्हे, धर्मपीठ नव्हे, एका व्यापाऱ्याचे दुकान. त्यात बायकोशी झालेल्या भांडणाची पत्रेही आहेत, कारण लिहिले ते ठेवायचे, एवढाच नियम होता. मिवनायच्या नवऱ्यानेही हा नियम पाळला असता का, हे कळायला मार्ग नाही. पत्र त्याच्यापर्यंत गेलेच नाही.

फ्रेडरिकच्या त्या कागदी वहीचे काय झाले ते सांगायचे राहिले. जुनेपणाने ती नष्ट झाली नाही. सातशे वर्षे टिकली. त्याने धाडलेल्या मूळ आज्ञापत्रांपैकी बहुतेक केव्हाच नाहीशी झाली, आणि त्यांत काय होते ते या नकलांवरूनच कळत होते. दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर बाँब पडू लागले तेव्हा दफ्तरखान्यातले सर्वांत मोलाचे कागद सुरक्षिततेसाठी शहराबाहेरच्या एका वाड्यात हलवले. ३० सप्टेंबर १९४३ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनी तो वाडा पेटवला. वही त्यात गेली. आधी कोणीतरी तिची पाने छायाचित्रांत उतरवून ठेवली होती. आज अभ्यासक वाचतात ती त्या नकलेची नक्कल.